कोटेशन लिहिताना : काजू कारखान्याच्या बारा टेबलांचं एक दरपत्र, कलम-कलमानं

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलचं फॅब्रिकेशन करणारा एक छोटा वर्कशॉप आहे असं धरू. गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका काजू कारखान्यातून व्हॉट्सॲपवर निरोप येतो : ‘एसएस टेबल, सहा बाय अडीच, १२ नग, काजूगर निवडायला. रेट पाठवा.’ नवीन माणूस लगेच उत्तर देतो : ‘एकवीस हजार पाचशे प्लस जीएसटी.’ झालं कोटेशन. पुढचे सगळे वाद याच एका ओळीतून निघतात, कारण पत्रा कोणता, उंची किती, गाडीभाडं कुणाचं, हा भाव कधीपर्यंत, यातलं काहीच ठरलेलं नसतं आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं धरलेलं असतं.

सगळ्या अटींसह दिलेलं कोटेशन म्हणजे कायद्याच्या भाषेत साधारणपणे प्रस्ताव. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे समोरच्यानं तो जसाच्या तसा मान्य केला की करार होतो, आणि मग त्यातला प्रत्येक शब्द तुम्हाला बांधतो. म्हणून लिहिताना मी एकच कसोटी लावतो. माल फोंड्याच्या गेटवर उतरला आणि तिथल्या स्टोअरकीपरनं हातात फक्त हा कागद घेतला, तर फोन न करता त्याला माल तपासता आला पाहिजे आणि बिल जुळवता आलं पाहिजे. हेच टेबलांचं उदाहरण धरून एकेक कलम कसं लिहायचं ते पाहू. दर आणि तारखा समजण्यापुरत्या घेतल्या आहेत, तुमच्या कामाला तुमचे घाला.

आधी विचारून घ्या

दर काढायच्या आधी ग्राहकाला एक फोन करायचाच. काजूगर निवडणाऱ्या बायका बहुतेक ठिकाणी बसून काम करतात. बसून काम असेल तर टेबलाची उंची ७५० मिलीमीटरच्या आसपास लागते, उभ्यानं असेल तर ८५० ते ९००. ‘सहा बाय अडीच’ या निरोपात उंचीच नाही, आणि बारा टेबलं शंभर मिलीमीटरनं चुकली तर पाय कापावे लागतात किंवा सगळे पाय नव्यानं करावे लागतात.

दुसरा प्रश्न, टेबल कशानं धुणार? ब्लीच किंवा ॲसिडनं धुणार असतील तर ३०४ ग्रेडच्या स्टीललाही डाग पडतात. याचा संबंध पुढे गॅरंटीशी येतो. तिसरं, माल नक्की कुठे उतरवायचा आणि गाडी आतपर्यंत जाते का. आणि शेवटी जीएसटी क्रमांक मागून घ्यायचा. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०. पुढे कर कोणता लावायचा ते या दोन अंकांवरून लक्षात येतं. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून नाव जुळतंय का आणि नोंदणी चालू आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्या.

फोनवर ठरलेलं कोटेशनच्या पहिल्या परिच्छेदात उतरवायचं :

> कोटेशन क्र. ०४१, दिनांक ५ मार्च. आपला दि. ३ मार्चचा व्हॉट्सॲप निरोप आणि दि. ४ मार्चला फोनवर झालेलं बोलणं यांना अनुसरून काजूगर निवडण्याच्या, बसून काम करण्याच्या १२ टेबलांचं दरपत्र पुढीलप्रमाणे.

क्रमांक आणि तारीख यांना कमी लेखू नका. घासाघीस होऊन दुसरं कोटेशन द्यावं लागलं तर त्याला ‘०४१ - सुधारित १’ असा क्रमांक द्या आणि ‘यापूर्वीचं ०४१ रद्द समजावं’ असं लिहा. नाहीतर ग्राहकाच्या फाइलमध्ये दोन कागद राहतात. ऑर्डर येते तेव्हा दर एका कागदावरचा आणि स्पेसिफिकेशन दुसऱ्यावरचं असं मिश्रण होतं.

स्पेसिफिकेशन : मोजता येईल असंच लिहा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा, कारण दर याच ओळींचा असतो. ‘उत्तम प्रतीचं स्टेनलेस स्टील’, ‘हेवी ड्यूटी’, ‘फूड ग्रेड’ असे शब्द मोजता येत नाहीत. त्यांच्या आड २०२ ग्रेडचा पत्राही बसतो आणि ३०४ चाही. दोघांच्या भावात मोठा फरक आहे, कारण ३०४ मध्ये निकेल आठ टक्क्यांच्या आसपास असतं, तर २०२ मध्ये ते कमी करून त्या जागी मँगनीज वाढवलेलं असतं. नवा कोरा असताना दोन्ही सारखेच चमकतात. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत २०२ वर लवकर गंज दिसू लागतो.

ग्राहकाकडचा माणूस बऱ्याचदा चुंबक लावून पाहतो आणि चिकटलं नाही म्हणजे ३०४, असं ठरवतो. ही परीक्षा उपयोगाची नाही. सपाट पत्र्याला चुंबक २०२ मध्येही चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चा पत्रा बेंडिंग मशीनवर वाकवला की त्या घडीवर चुंबक थोडं ओढलं जातं आणि ‘हा ३०४ नाही’ म्हणून तक्रार येते. म्हणून पत्र्याच्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मालाबरोबर देऊ असं कोटेशनमध्येच लिहा, आणि ते खरोखर द्या. त्यावरचा हीट नंबर पत्र्यावर छापलेल्या नंबराशी जुळतो, म्हणून पत्रा कापण्याआधी त्या छापाचा फोटो काढून ठेवा.

जाडी गेजमध्ये लिहू नका. ‘१८ गेज’ म्हणजे बाजारात साधारण १.२ मिलीमीटर धरतात, पण त्याच नावानं त्याहून पातळ पत्राही मिळतो. जाडीचा किमतीवर किती परिणाम होतो ते या टेबलावरच पाहा. वरचा भाग १८०० बाय ७५० चा आहे, आणि चारही बाजूंना ४० मिलीमीटरची कड अधिक १५ मिलीमीटरची आतली घडी धरली की कापायचा पत्रा १९१० बाय ८६० होतो. १.२ मिलीमीटर जाडीला त्याचं वजन साधारण १५.६ किलो येतं, आणि १ मिलीमीटरला १३ किलो. एका टेबलाला अडीच किलोहून जास्त, बारा टेबलांना एकतीस किलोच्या आसपास फरक, तोही फक्त वरच्या पत्र्याचा. दुसरा पुरवठादार हजार रुपयांनी स्वस्त दिसतो तेव्हा तो फरक बऱ्याचदा इथे असतो. तुमच्या कागदावर जाडी लिहिलेली असेल तरच ग्राहक ती त्याला विचारू शकेल.

फूट-इंचही टाळा. सहा फूट म्हणजे १८२९ मिलीमीटर. तुम्ही १८०० करणार असाल तर तसं लिहा, कारण ग्राहकानं दोन खांबांच्या मधली जागा मोजून ठेवलेली असू शकते.

> १. काजूगर निवडण्याचं टेबल. लांबी १८०० × रुंदी ७५० × उंची ७५० मि.मी., मापात ± ३ मि.मी. फरक ग्राह्य.
> वरचा पत्रा : स्टेनलेस स्टील ३०४, जाडी १.२ मि.मी. (वरची प्लास्टिक फिल्म काढून मोजलेली), मॅट फिनिश. तीन बाजूंना ४० मि.मी. उभी कड, काम करण्याच्या बाजूला कड खाली वळवलेली.
> पाय : स्टेनलेस स्टील ३०४ गोल पाइप, ३८ मि.मी. व्यास, जाडी १.२ मि.मी., खाली-वर करता येणारे नायलॉन बुश.
> वेल्डिंग : आर्गन. वरच्या बाजूचे सगळे जोड घासून पॉलिश केलेले.
> समाविष्ट नाही : खालचा कप्पा, दिवे व वायरिंग, जागेवर मांडणी.

‘फिल्म काढून मोजलेली’ हे शब्द फालतू वाटतील, पण त्या फिल्मलाही जाडी असते आणि मायक्रोमीटर तीही मोजतो. ‘समाविष्ट नाही’ ही ओळ तर कधीच गाळू नका. ग्राहकाच्या डोळ्यासमोर दुसऱ्या कारखान्यात पाहिलेलं टेबल असतं आणि त्याला खाली कप्पा होता.

दर आणि कर

हिशोब असा मांडायचा की करपात्र रक्कम, कर आणि एकूण हे तीन टप्पे वेगवेगळे दिसतील.

> १२ टेबलं × २१,५०० रु. = २,५८,००० रु.
> पॅकिंग : दरात समाविष्ट
> शिरोली ते फोंडा गाडीभाडं = ९,००० रु.
> करपात्र रक्कम = २,६७,००० रु.
> आयजीएसटी १८ टक्के (एचएसएन ९४०३) = ४८,०६० रु.
> एकूण = ३,१५,०६० रु. (अक्षरी तीन लाख पंधरा हजार साठ रुपये फक्त)

कर आयजीएसटी का? पुरवठा करणारा महाराष्ट्रात आहे आणि माल गोव्यात संपतो. हाच ग्राहक सावंतवाडीत असता तर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी अशा दोन ओळी झाल्या असत्या. एकूण आकडा तोच. इथे नवी मंडळी एका ठिकाणी गोंधळतात. गोव्याचा ग्राहक म्हणाला, ‘भाडं नको, माझाच टेम्पो पाठवतो,’ की त्यांना वाटतं माल कोल्हापुरात दिला, म्हणजे कर इथला. तसं नाही. माल पुरवठादारानं नेला काय आणि खरेदीदारानं नेला काय, प्रवास जिथे संपतो ती पुरवठ्याची जागा. फोंड्याला जाणार असेल तर आयजीएसटीच.

दुसरी चूक गाडीभाड्याची. पुष्कळ कोटेशनांत टेबलांच्या किमतीवर कर लावून, एकूण काढून, त्याच्या खाली ‘भाडं ९,०००’ असं जोडलेलं असतं. गाडी तुम्ही ठरवून भाडं बिलात घेत असाल तर ते मालाच्या किमतीचाच भाग धरलं जातं आणि मालाचाच कर त्यावर लागतो. वरच्या हिशोबात भाडं कराच्या खाली गेलं तर १,६२० रुपयांचा कर राहून जातो, आणि बिल करताना ग्राहक म्हणतो की कोटेशनमध्ये हा नव्हता. मग तो तुमच्या खिशातून जातो. भाडं ‘टू पे’ ठेवलं, म्हणजे ग्राहकानं गाडीवाल्याला परस्पर द्यायचं, तर ते तुमच्या कोटेशनमध्ये येतच नाही. छोट्या वर्कशॉपला हे सुटसुटीत पडतं. ग्राहकाला मात्र फोंड्यापर्यंतचा एकच आकडा हवा असतो.

‘सगळं धरून तीन लाख करा’ असं ग्राहक म्हणेल तेव्हा मान डोलवण्याआधी उलटा हिशोब करा. तीन लाखांना १.१८ नं भागा, करपात्र २,५४,२३७ रुपये उरतात. त्यातून भाड्याचे ९,००० काढले की बारा टेबलांना २,४५,२३७, म्हणजे एका टेबलाला साधारण २०,४३६. तुम्ही टेबलामागे १,०६४ रुपये सोडताय. तेवढे सुटत असतील तर जरूर सोडा, पण सुधारित कोटेशनमध्ये करपात्र रक्कम आणि कर पुन्हा वेगळे दाखवा. जीएसटी नोंदणी असलेल्या ग्राहकाला बहुतेक वेळा त्या कराचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणून त्याच्या दृष्टीनं खरा खर्च कराच्या आधीचा आकडा असतो.

कराच्या ओळीखाली हे वाक्य घाला :

> कराचा दर आजच्या दरानुसार दाखवला आहे. बिलाच्या दिवशी जो दर लागू असेल तो आकारला जाईल. कर वाढल्यास वा कमी झाल्यास फरक ग्राहकाच्या खाती.

२२ सप्टेंबर २०२५ ला अनेक वस्तूंचे जीएसटी दर एका दिवसात बदलले. धातूच्या फर्निचरचा १८ टक्के तसाच राहिला, पण तुमचा माल दुसरा असेल तर एचएसएन पाहून आजचा दर तपासा. जुन्या कोटेशनवरून दर उतरवू नका. कंपोझिशन योजनेत असाल तर कराची ओळ लिहायचीच नाही, कारण तुम्हाला कर वसूल करता येत नाही. त्या योजनेत राहून गोव्याला माल विकताही येत नाही, तेव्हा ही चौकशी तिथेच थांबते.

मुदत

‘वैधता १५ दिवस’ असं लिहिलं की प्रश्न उरतो, कधीपासून? कागदावरच्या तारखेपासून, की ग्राहकानं मेल उघडला त्या दिवसापासून? म्हणून दिवस मोजत बसू नका, तारीख घाला. आणि त्या तारखेपर्यंत काय झालं पाहिजे तेही लिहा. करार कायद्यात टपालानं पाठवलेला होकार तो टपालात पडल्यावरच तुम्हाला बांधतो, तुमच्या हाती यायच्या आधी. म्हणून ‘पोचले पाहिजेत’ हे शब्द मुद्दाम वापरा.

> हे दर २० मार्चपर्यंत ग्राह्य. लेखी ऑर्डर आणि ॲडव्हान्स या तारखेपर्यंत आमच्याकडे पोचले पाहिजेत. त्यानंतर दर नव्यानं कळवले जातील.

किती मुदत द्यायची हे कच्च्या मालावर ठरतं. ३०४ चा भाव निकेलबरोबर हलतो, त्यामुळे पंधरा दिवस पुरेत. तुमच्या पत्र्याच्या व्यापाऱ्यानं तुम्हाला आठच दिवसांचा भाव दिला असेल तर तुम्ही महिन्याचा देऊ नका. सरकारी संस्था किंवा शाळा ९० दिवसांची वैधता मागतात. तिथे नाही म्हणता येत नसेल तर तेवढी जोखीम दरात धरावी लागते.

वैधता संपायच्या आत तुम्हाला भाव मागे घेता येतो का? ग्राहकानं होकार कळवला नसेल तर सर्वसाधारणपणे येतो, पण ते त्याला कळवावं लागतं, आणि लेखी कळवलेलं बरं. पत्रा अचानक महागला तर त्याच दिवशी कळवा. ऑर्डर येऊन पडल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

पुरवठ्याच्या अटी

इथे चार गोष्टी पुरतात : कधी, कुठपर्यंत, पैसे कसे, आणि काही बिघडलं तर काय.

डिलिव्हरीचा काळ कशापासून मोजायचा ते लिहा. ‘तीन आठवडे’ एवढंच लिहिलं तर ग्राहक ऑर्डरच्या दिवसापासून मोजतो, आणि तुम्ही मात्र ड्रॉइंगवर सही होण्याची वाट पाहत असता.

> डिलिव्हरी : ॲडव्हान्स आणि सही केलेलं ड्रॉइंग, यांपैकी जे नंतर मिळेल त्यापासून २१ दिवसांत माल आमच्या वर्कशॉपमधून निघेल.
> पोच : फोंडा येथील आपल्या कारखान्याच्या गेटपर्यंत. गाडीतून उतरवणं आपल्याकडे. प्रवासातली मोडतोड आमच्याकडे, मात्र गाडीवाल्याच्या पावतीवर उतरवतानाच शेरा हवा.
> पैसे : ४० टक्के ऑर्डरबरोबर (१,२६,०२४ रु.), ६० टक्के माल निघण्याआधी प्रोफॉर्मा बिलावर (१,८९,०३६ रु.).
> गॅरंटी : माल निघाल्यापासून १२ महिने, वेल्डिंग व बनावटीतील दोषांना. ॲसिड वा ब्लीचनं धुतल्यामुळे पडलेले डाग यात येत नाहीत.
> वाद झाल्यास न्यायकक्षा कोल्हापूर.

टक्क्यांशेजारी रुपये लिहिले आहेत ते पाहा. ४० टक्के करासहित रकमेवर की कराशिवाय, हा वाद त्यानं तिथेच मिटतो. मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी तो हाती येताना भरावा लागत नाही, बिल करताना लागतो. म्हणून ॲडव्हान्ससाठी कर बिल करू नका, साधी पावती पुरे.

उधारीवर माल देत असाल आणि तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल, तर नोंदणी क्रमांक कोटेशनवर छापा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात लेखी मुदत ठरली असली तरी ती माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून जास्त असू शकत नाही, आणि काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज मागता येतं. ‘९० दिवसांत पैसे’ अशी अट ग्राहकानं घातली तर त्याला हा नियम शांतपणे दाखवता येतो.

ऑर्डर आली की ती कोटेशनशेजारी ठेवून वाचा

हे पाऊल सगळ्यात जास्त गाळलं जातं. ग्राहकाची परचेस ऑर्डर त्याच्या छापील नमुन्यावर येते. पुढच्या पानावर तुमचाच दर असतो, ‘आपल्या कोटेशन ०४१ प्रमाणे’ असंही लिहिलेलं असतं, आणि मागच्या पानावर बारीक अक्षरात ‘पैसे माल मिळाल्यावर ३० दिवसांनी’, ‘दर सर्व करांसहित’, ‘उशीर झाल्यास आठवड्याला अर्धा टक्का दंड’ अशा अटी. कायद्याच्या नजरेनं असा बदल केलेला होकार हा होकार नसतो, तो ग्राहकानं तुम्हाला दिलेला नवा प्रस्ताव असतो. तुम्ही काही न बोलता पत्रा कापायला घेतला, तर तो तुम्ही मान्य केला असं धरलं जाण्याचा धोका असतो. मग तुमच्या कोटेशनमधली चाळीस-साठची अट असून नसल्यासारखी होते.

म्हणून ऑर्डर आली त्याच दिवशी पाच गोष्टी जुळवा : स्पेसिफिकेशन, करपात्र रक्कम, कर, डिलिव्हरी आणि पैसे. माल पाठवायचा पत्ता आणि जीएसटी क्रमांकही पाहा. कधीकधी बिल एका राज्यातल्या मुख्य ऑफिसला आणि माल दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याला असतो, आणि तेव्हा कर पुन्हा तपासावा लागतो. काही वेगळं दिसलं तर काम सुरू करण्याआधी एवढं मेल करा :

> आपली ऑर्डर मिळाली, आभारी आहोत. ऑर्डरमधील पैशाची अट (३० दिवस) आणि ‘सर्व करांसहित’ हा उल्लेख आमच्या कोटेशन ०४१ शी जुळत नाही. दर २,६७,००० रु. अधिक आयजीएसटी आणि पैसे ४०-६० याप्रमाणे ऑर्डर दुरुस्त करून पाठवावी. दुरुस्त ऑर्डर आणि ॲडव्हान्स मिळाल्यावर काम सुरू होईल आणि २१ दिवस तेव्हापासून मोजले जातील.

असं पत्र पाठवल्यानं ग्राहक तुटेल अशी भीती वाटते. खरेदी विभागात बसलेल्या माणसाला ही पत्रं रोजची असतात. छापील अटी त्यानं तुमच्यासाठी म्हणून लिहिलेल्या नसतात, आणि सांगितलं की बहुतेक वेळा तो त्या खोडून दुरुस्त ऑर्डर पाठवतो. ती आली की कोटेशन, ऑर्डर आणि सही केलेलं ड्रॉइंग एकत्र टाचून वर्कशॉपमध्ये द्या, म्हणजे पत्रा कापणाऱ्याच्या समोरही तेच ७५० आणि तेच १.२ असेल.